डेडलिफ्ट गुडघ्याखाली अडते तेव्हा

बार जमिनीवरून सुटतो, नडगीला घासत वर येतो आणि गुडघ्याच्या वाटीच्या दोन बोटं खाली येऊन थबकतो. क्षणभर थरथर होते, मग प्लेट्स धाडकन खाली. कुठल्याही जिममध्ये हे झालं की आजूबाजूचे चारजण लगेच निदान करतात. कुणी म्हणतो कंबर कच्ची आहे, कुणी म्हणतो रॅक पुल मार, तिसरा हायपर एक्स्टेन्शनच्या बाकाकडे बोट दाखवतो. सल्ले आपुलकीचे असतात, पण बार कुठे थांबला एवढंच पाहून दिलेले असतात. तिथपर्यंत तो कसा आला, हे फारसं कुणी बघत नाही. पूरक व्यायाम निवडताना खरं तर तेच बघायचं असतं. (इथे बोलतोय ते पाय खांद्याइतके जवळ ठेवून मारायच्या नेहमीच्या डेडलिफ्टबद्दल. सुमोचं गणित वेगळं आहे.)

गैरसमज: बार जिथे अडतो तिथलीच ताकद कमी असते. म्हणून तिथूनच उचलायचा सराव करावा.

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. रॅकच्या पिना गुडघ्याच्या उंचीला लावायच्या, बारवर नेहमीपेक्षा वीस-तीस किलो जास्त चढवायचे आणि ओढायचं. मजा अशी की माणूस ते ओढतोसुद्धा. जमिनीवरून १८० किलोला गुडघ्याखाली अडणारा गडी पिनांवरून २०० सहज नेतो. तिथली ताकदच कमी असती तर हे जमलंच नसतं.

वस्तुस्थिती अशी की पिनांवरून ओढताना तुम्ही शरीराची जुळणी स्वतःच्या सोयीने करता. गुडघे थोडे वाकवता, कंबर खाली घेता, बार मांडीला चिकटवता, सगळे स्नायू आवळून घेता आणि मगच जोर लावता. जमिनीवरून येताना त्याच उंचीवर तुमची स्थिती तशी नसते. गुडघे केव्हाच सरळ झालेले असतात, पाठ जमिनीला जवळजवळ समांतर असते आणि बार नडगीपासून सुटून पुढे गेलेला असतो. उंची एकच, पण शरीराची मांडणी दोन ठिकाणी दोन तऱ्हेची.

बार पुढे जाण्याची किंमत आकड्यात मांडता येते. समजा बारवर १८० किलो आहेत आणि बारपासून खुब्याच्या सांध्यापर्यंतचं आडवं अंतर ३० सेंटिमीटर आहे. बार ५ सेंटिमीटर पुढे सरकला की ते अंतर ३५ होतं. आता खुब्यावर येणारा ताण मूळ जागी २१० किलो धरल्याइतका झाला. शरीराचं स्वतःचं वजन या हिशेबात धरलेलं नाही, पण मुद्दा कळायला एवढं पुरे. भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक आहे तोच हा. १८० उचलायला आलेला माणूस गुडघ्याखाली २१० शी झुंजत असतो आणि आपली तिथली ताकद कमी आहे असं समजतो.

म्हणजे दोष खालच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये घडतो आणि गुडघ्याखाली उघडकीला येतो. ठोकळ्यांवरून ओढण्याचा उपयोग नाही असं नाही, पण ठोकळे ५ ते ८ सेंटिमीटरचेच हवेत. बार नडगीच्या मध्याजवळून निघाला पाहिजे, म्हणजे अडण्याची जागा त्याला वाटेत पार करावी लागते. गुडघ्यावरून सुरू होणारा रॅक पुल ती जागा टाळूनच पुढे जातो.

जाता जाता प्लेट्सविषयी एक गोष्ट. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. गल्लीतल्या जिममध्ये २० किलोची लोखंडी प्लेट बरेचदा त्याहून लहान असते, आणि नुसत्या दहा-दहाच्या प्लेट्स लावल्या तर बार आणखी खाली जातो. तिथे तुम्ही नकळत जास्त खोलातून उचलत असता. निदानाआधी टेप लावून उंची मोजा. कमी भरली तर प्लेट्सखाली रबरी मॅट घालून ती साडेबावीसला आणा.

गैरसमज: डेडलिफ्ट हा पाठीचा व्यायाम आहे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा त्यात काही संबंध नाही.

बार जमिनीवरून सुटताना गुडघे सरळ करण्याचं काम मांडीचा पुढचा भाग करतो. त्याने ते नीट केलं तर बार आणि खांदे बरोबर वर येतात. वजन त्याच्या आवाक्याबाहेर गेलं की शरीर पळवाट काढतं. गुडघे लवकर सरळ होतात, पार्श्वभाग वर उसळतो, खांदे मात्र होते तिथेच राहतात. बार जेमतेम चार बोटं उचलला गेलेला असतो आणि पाठ आडवी झालेली असते. पुढचं सगळं काम खुब्यावर आणि कंबरेवर पडतं, आणि बरोबर गुडघ्याखाली त्यांचा दम संपतो. बघणाऱ्याला वाटतं कंबर हरली. खरं तर मांडीने आपलं ओझं तिच्यावर ढकललेलं असतं.

पण इथे एक खोच आहे. पार्श्वभाग आधी वर येतो म्हणून मांडी कच्ची, असं लगेच ठरवू नये. काहीजण सुरुवातीलाच स्क्वॉटसारखे फार खाली बसतात. तिथून बार सुटूच शकत नाही, म्हणून शरीर आपोआप वर येऊन योग्य जागा शोधतं. ही मांडणीची चूक झाली, ताकदीची नव्हे. ओळखायचं कसं? हलकं वजन लावून पाहा. जास्तीत जास्त उचलता येणाऱ्या वजनाच्या ६० टक्क्यांनाही बार हलायच्या आत पार्श्वभाग वर जात असेल, तर सुरुवातीलाच तो थोडा वर ठेवा, पूरक व्यायामाची गरज नाही. ६० आणि ७५ टक्क्यांना सगळं ठीक आणि ९० च्या पुढे गेल्यावरच तो उसळत असेल, तर मांडीवर काम करा.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा एका मुलाची सर्वोत्तम डेडलिफ्ट १७० किलो आहे आणि १८० दर वेळी गुडघ्याखाली अडते. फोन गुडघ्याच्या उंचीला, तीनेक मीटर अंतरावर, बरोबर बाजूला ठेवून त्याचं चित्रण केलं. १३० किलोला बार बुटाच्या लेसच्या वरून सरळ रेषेत जातो. १५५ ला पार्श्वभाग थोडा आधी उठतो. १८० ला तो स्पष्ट उसळतो, आणि नडगीच्या मध्यावर बार आणि पाय यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट पडते. दोन दोष दिसले: मांडी लवकर हात टेकते आणि बार अंगापासून सुटतो.

त्याला दोनच पूरक व्यायाम पुरतील. पहिला फ्रंट स्क्वॉट, पाच-पाच रेप्सचे तीन सेट. वजन असं की पाचव्या रेपलाही कोपरं खाली पडू नयेत. यात बार पुढे खांद्यावर असल्याने धड ताठ ठेवावंच लागतं आणि कंबरेवर ढकलण्याची पळवाट उरत नाही. मनगटं वळत नसतील तर बार मानेखाली उंच ठेवून, तळाशी थांबून मारलेला स्क्वॉटही चालतो.

दुसरा, थांबून मारलेली डेडलिफ्ट. बार वाटीच्या तीन-चार सेंटिमीटर खाली आला की पूर्ण दोन सेकंद थांबायचं, मग वर न्यायचा. या मुलाने ११५ किलोने सुरुवात करावी, म्हणजे १७० च्या दोन तृतीयांशांच्या आसपास, तीन-तीन रेप्सचे चार सेट. थांबलेल्या दोन सेकंदांत बगला आवळून बार नडगीकडे खेचून धरायचा. या व्यायामाचं खरं मोल इथेच आहे: चुकीच्या मांडणीत तिथे थांबताच येत नाही. थांबल्यावर बार पुढे तरंगला किंवा पार्श्वभाग आणखी वर गेला, तर दहा किलो कमी करा. बार चुकून गुडघ्याच्या वर नेऊन मांडीला टेकवून थांबणारे पुष्कळ दिसतात. ती विश्रांती झाली, व्यायाम नव्हे.

डेडलिफ्टचा दिवस सोमवारी असेल तर हे दोन्ही गुरुवारी मारावेत. चार आठवड्यांनी १८० ला हात घालायचा नाही. तेच १५५ किलो त्याच कोनातून चित्रित करायचे आणि जुन्या चित्रणाशेजारी ठेवायचे. पार्श्वभाग आणि खांदे बरोबर उठत असतील आणि फट मिटली असेल, तर निवड बरोबर आहे.

गैरसमज: गुडघ्याखाली अडली म्हणजे कंबर कच्ची.

कधी कधी असतेही, पण तशी खूण दिसली पाहिजे. डेडलिफ्टमध्ये कंबरेचं काम हलण्याचं नसून आकार टिकवण्याचं आहे. त्यामुळे चित्रणात पाठीचा आकार बदलतो का ते बघायचं. जमिनीवर सपाट असलेली पाठ बार नडगीवर येईपर्यंत गोल होत गेली, तर तिला आकार धरून ठेवणं जमत नाही. तेव्हा वाकून मारायचं बारबेल रोइंग आणि हीच थांबून मारलेली डेडलिफ्ट कामाला येते. पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली असेल आणि बार पावलावरून सरळ आला असेल, तरीही थांबला, तर बहुधा मागची मांडी आणि पार्श्वभाग कमी पडतात. त्याला रोमानियन डेडलिफ्ट, सहा ते आठ रेप्सची. हायपर एक्स्टेन्शनने कंबर घट्ट होते हे खरं, पण मांडी लवकर हरते किंवा बार अंगापासून सुटतो, या दोन्हीवर तो इलाज नाही. पाठीतून पायात कळ जात असेल तर मात्र व्यायाम शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

गैरसमज: जितके पूरक व्यायाम तितका फायदा.

पाच व्यायाम एकदम सुरू केले तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि थकव्याने मूळ डेडलिफ्टच घसरते. शिवाय वजन ताकदीबाहेरचं असेल तर ते कुठे ना कुठे अडणारच, आणि पुष्कळांचं ते गुडघ्याजवळच अडतं. १८० एकदा अडली आणि १७५ स्वच्छ गेली असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. आणखी काही महिने नेहमीचा सराव करा. पूरक व्यायामाची वेळ येते ती तोच दोष तीन-चारदा, त्याच जागी, चित्रणात दिसला तर.

आणि निवडलेला व्यायाम चुकला हे ओळखायची खूण साधी आहे. आठ आठवड्यांत थांबून मारलेली डेडलिफ्ट ११५ वरून १३० वर गेली आणि जमिनीवरची १७० वरच राहिली, तर तुम्ही फक्त थांबण्यात तरबेज झालात. तो व्यायाम बदला, आणि बदलण्याआधी नवं चित्रण घ्या.