विकलेली साडी आणि राहिलेला पैसा

बंगळूरच्या चिकपेटेतील कापडाच्या दुकानात पूर्वी हिशेब सोपा असे. गिऱ्हाईक साडी घेऊन पायरी उतरले की विक्री पुरी झाली. आता त्याच गल्लीतून साडी ऑनलाइन बाजारपेठेमार्फत दूरच्या गावी जाते, आणि विक्री खरोखर झाली की नाही, हे काही दिवसांनी कळते. महिन्याअखेर दुकानदाराच्या हाती जे हिशेबपत्रक, म्हणजे सेटलमेंट रिपोर्ट, येते, ते वाचताना हा विलंब ध्यानात ठेवावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत व जीएसटी वगळून धरले आहेत. साडी ६०० रुपयांना विकली. तिची खरेदी ४००, कमिशन ६०, पाठवणी ६० आणि वेष्टन १०. उरले ७० रुपये. पुष्कळ दुकानदार येथेच थांबतात.

परंतु पाठविलेल्या शंभरांपैकी वीस साड्या परत आल्या असे समजा. त्यांवरील कमिशन परत मिळाले, तरी जाण्याचे ६०, येण्याचे ८० आणि वेष्टनाचे १० असे दीडशे रुपये प्रत्येकी गेले. शिवाय दर चार साड्यांमागे एक डागाळून आली व तिचे दोनशेच रुपये आले, तर तेथे आणखी दोनशे बुडाले. सरासरीने प्रत्येक परतीमागे दोनशे रुपये तोटा झाला. ऐंशी साड्यांचा नफा ५,६००, वीस परतींचा तोटा ४,०००; शिल्लक १,६००. गिऱ्हाइकाकडे राहिलेल्या प्रत्येक साडीमागे वीस रुपयेच पडले, सत्तर नव्हेत! शंभरांत सव्वीस परत आल्या, तर हातात काहीच उरत नाही. दुकानाचे भाडे आणि नोकरांचे पगार तर अजून धरलेलेच नाहीत.

हे पत्रकात सहज का दिसत नाही? कारण पत्रक पैशाच्या तारखेने चालते. दिवाळीच्या आधी गेलेल्या साड्यांचे पैसे एका पत्रकात येतात आणि त्यांतील काहींची परत पुढच्या पत्रकात वजा होते. पहिला महिना गुटगुटीत दिसतो, दुसरा रोडावलेला. खरे दोन्ही नव्हेत. म्हणून प्रत्येक ओळ तारखेखाली न मांडता ऑर्डर क्रमांकाखाली मांडावी आणि परतीची मुदत संपल्यावरच महिना बंद करावा. पत्रकात परत दाखविलेली साडी दुकानात पोहोचली की नाही, हेही त्याच क्रमांकावरून ताडून पाहावे.

एक वजावट मात्र खर्चात घालू नये. बाजारपेठ जीएसटीपोटी अर्धा टक्का (हा दर १० जुलै २०२४ पासूनचा) आणि आयकरापोटी एक दशांश टक्का (१ ऑक्टोबर २०२४ पासूनचा) कापून सरकारात भरते. ती रक्कम दुकानदाराच्या नावे जमा असते. ती येणे म्हणून वेगळी लिहावी.

एवढे केल्यावर दुकानदाराला कळते की किंमत तीन रुपयांनी वाढविण्यापेक्षा साडीचा रंग छायाचित्रात खरा दाखविणे अधिक फायद्याचे आहे. शंभरांतील एक परत टळली, तर दोनशेंचा तोटा वाचतो आणि सत्तरांचा नफा पदरी पडतो.