एक औंस सोनं आणि 540 दावेदार!

जानेवारी 2016. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या वायदे बाजारात सोन्याचे सुमारे 4 लाख सौदे उभे होते. एक सौदा 100 औंसांचा, म्हणजे कागदावर 4 कोटी औंस सोनं! एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आपलं तीन तोळ्यांहून थोडं जास्त. करा हिशेब: 1,244 टन. मालगाडीत भरायचं म्हटलं तर वजनाने वीसेक वाघिणी लागतील. रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा 557 टन होतं, त्याच्या दुपटीहूनही जास्त! औंसाला 1,100 डॉलर धरले, तर त्या वेळच्या दराने जवळजवळ तीन लाख कोटी रुपये.

आता तिजोरी उघडू. सौद्यापोटी देण्यासाठी नोंदवून ठेवलेलं सोनं किती? सुमारे 74 हजार औंस. फक्त 2.3 टन! सोनं इतकं जड, की एवढ्या सगळ्याची एकच लगड केली तर ती 120 लिटरसुद्धा भरत नाही; घरातल्या दोनशे लिटरच्या पिंपात मावून वर जागा उरेल.

चार कोटी भागिले चौऱ्याहत्तर हजार. एका औंसामागे 540 दावे!

या दावेदारांना रांगेत उभं करून बघू या. प्रत्येकाला एक औंस हवा, प्रत्येकाला अर्धा मीटर जागा. रांग सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने पुण्याकडे निघाली. दादर गेलं, मुलुंड गेलं, ठाणं मागे पडलं आणि कळव्याच्या आसपास, 37व्या किलोमीटरला, सोनं संपलं. रांग मात्र कुठली संपते! ती कल्याण ओलांडते, घाट चढते, पुण्याला पोचते, वळून पुन्हा मुंबईला येते, पुन्हा पुण्याला जाते. 20 हजार किलोमीटर! मुंबई-पुणे जाऊन-येऊन बावन्न फेऱ्या, आणि सोनं मिळालेले लोक फक्त कळव्यापर्यंत.

आता भडका उडणारच, नाही का? विक्रेते सोन्यासाठी सैरावैरा धावणार, भाव आभाळाला भिडणार!

काहीही झालं नाही. त्या वर्षी भाव वाढला हे खरं, पण सोनं हाती पडत नाही अशी बोंब न्यूयॉर्कमध्ये उठली नाही.

कारण रांगेतल्या बहुतेकांना सोनं नकोच होतं. डिलिव्हरीचा महिना जवळ आला की ते सौदा मिटवतात किंवा पुढच्या महिन्यावर ढकलतात, आणि भावातला फरक खिशात घालून निघून जातात. शिवाय प्रत्येक सौद्याला घेणारा असतो तसा देणाराही असतो. तो गरजेपुरतं सोनं बाहेरूनही आणू शकतो.

दुसरी गंमत तर त्याच तिजोरीत होती. वर सांगितलेलं 2.3 टन होतं ‘रजिस्टर्ड’ खात्यातलं. शेजारीच ‘एलिजिबल’ खात्यात साठ लाखांहून अधिक औंस होते: तशाच विटा, तशीच शुद्धता, फक्त मालकाने त्या विकायला काढलेल्या नाहीत. भाव पटला की गोदामाची पावती निघते आणि वीट जागची न हलता रजिस्टर्ड होते. सगळ्याच मालकांना भाव पटेल असं नाही, हे कबूल. पण दोन्ही खाती एकत्र मोजली तर 540 वरून आपण थेट सहा-सातवर येतो! कळव्याला संपलेलं सोनं आता तीन हजार किलोमीटर पुरतं. पुढच्या काही महिन्यांत रजिस्टर्ड साठा खरोखरच कित्येक पटींनी वाढला.

खरी कोंडी झाली ती मार्च 2020 मध्ये, आणि तेव्हा हे गुणोत्तर 540 च्या जवळपासही नव्हतं! कोरोनामुळे स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातले सोनं शुद्ध करणारे मोठे कारखाने बंद पडले. सोनं वाहून नेणारी प्रवासी विमानं जमिनीवर आली. लंडनमध्ये सोन्याचे ढीग होते, पण तिथली वीट 400 औंसांची, साडेबारा किलोची. न्यूयॉर्कच्या सौद्याला लागते 100 औंसांची एक किंवा एक-एक किलोच्या तीन. वीट वितळवून पुन्हा ओतणार कोण? एरवी दोन्ही शहरांच्या भावात दोन-चार डॉलरचा फरक असतो, तो साठ-सत्तरवर गेला. शेवटी बाजाराला 400 औंसांची वीट चालेल असा नवा सौदा जाहीर करावा लागला. मग त्या फरकाच्या ओढीने न्यूयॉर्ककडे असा ओघ लागला, की काही महिन्यांत तिथल्या तिजोऱ्यांत हजार टनांहून जास्त सोनं साठलं!

2025 च्या सुरुवातीला चित्र उलटं झालं. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने लंडनचं सोनं न्यूयॉर्कला निघालं आणि बँक ऑफ इंग्लंडमधून विटा काढायला काही दिवसांऐवजी चार ते आठ आठवडे लागू लागले. सोनं उसनं घेण्याचा दरही उसळला.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘एका औंसामागे पाचशे दावे’ म्हणून घाबरवलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा: लंडन आणि न्यूयॉर्कच्या भावात फरक किती, सोनं उसनं कोणत्या दराने मिळतंय आणि वीट हातात यायला किती दिवस लागतायत? ही तिन्ही उत्तरं नेहमीसारखी असतील, तर पाचशेचा आकडा ऐकून सोनं घ्यायला धावू नका.