समीकरणात दोन, तक्त्यात एक

नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन हे वायू तापवले की नायट्रोजन आणि पाण्याची वाफ तयार होते. समीकरण असं: 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O. दोन्हींपुढे २ आहे, म्हणून अभिक्रियेचा वेगही दोघांवर सारखाच अवलंबून असेल, असं कुणालाही वाटेल. ते खरं नाही आणि हे समीकरणाकडे कितीही वेळ बघून कळत नाही. त्यासाठी मोजणीच करावी लागते.

चार रेणूंचे तीन होत असल्यामुळे बंद भांड्यातला दाब उतरत जातो आणि त्यावरून वेग काढता येतो. मात्र वेग अगदी सुरुवातीचाच घ्यायचा. थोड्या वेळाने वायू किती उरले हे नक्की सांगता येत नाही आणि तयार झालेले पदार्थही कधी कधी लुडबुड करतात. सुरुवातीला मात्र आपण काय भरलं ते ठाऊक असतं.

१२८० अंश सेल्सिअसला मिळालेले, पाठ्यपुस्तकांत नेहमी दिसणारे आकडे पाहा. वायूंचं प्रमाण लिटरमागे मोलच्या हजारांशात आहे, तर वेग दर लिटरला, दर सेकंदाला मोलच्या लाखांशात.

| प्रयोग | NO | H₂ | वेग |
|---|---|---|---|
| १ | ५ | २ | १.२५ |
| २ | १० | २ | ५ |
| ३ | १० | ४ | १० |

पहिल्या दोन ओळींत हायड्रोजन तेवढाच आहे, फक्त NO दुप्पट झाला. वेग चौपट झाला. दोनाचा कितवा घात चार? दुसरा. म्हणून NO ची कोटी २. आता दुसरी आणि तिसरी ओळ घ्या. इथे NO स्थिर, हायड्रोजन दुप्पट आणि वेगही दुप्पटच. म्हणजे हायड्रोजनची कोटी १. पहिली आणि तिसरी ओळ घेऊन सुरुवात केली असती, तर दोन्ही वायू एकदम बदलले असते आणि आठपट वेगाचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळलं नसतं.

समीकरणात २ आणि तक्त्यात १, असं का? ही अभिक्रिया एका झटक्यात होत नाही. NO चे दोन रेणू आधी जोडीने येतात आणि मग हायड्रोजनचा एकच रेणू त्या जोडीवर आदळतो, तो टप्पा संथ असतो, असं मानलं जातं. दुसरा हायड्रोजन नंतरच्या, झटपट टप्प्यात लागतो. वेगावर त्याची छाप पडत नाही.

आता वेग = k[NO]²[H₂]. पहिली ओळ घालू: ०.००००१२५ ला (०.००५)² × ०.००२ ने भागलं की k येतो २५०. एवढ्यावर थांबू नये. उरलेल्या दोन ओळींतूनही k काढावा. इथे दोन्हींतून २५०च येतो. प्रत्यक्ष प्रयोगात थोडा फरक पडतोच, पण k ओळीगणिक दुपटीने वा चौपटीने उडत असेल, तर बहुतेक कोटी चुकली आहे. एकूण कोटी ३ असल्याने k चं एकक L² mol⁻² s⁻¹ येतं.

हा २५० फक्त १२८० अंशांचा आहे. तापमान बदललं की k बदलतो, म्हणून तो लिहिताना शेजारी तापमान लिहायला विसरू नका.