परिपत्रकातला न विचारलेला प्रश्न

ओळखीचे लोक मला मोबाइलवर शासनाची कागदपत्रे पाठवतात. सोबत एक ओळही नसते. पण कागद पाठवणाऱ्याच्या मनात प्रश्न असतोच: हे माझ्यासाठी आहे का, आणि असेल तर मी कधीपर्यंत काय करायचे? कागदातून ही उत्तरे काढण्यासाठी मी तो छापलेल्या क्रमाने वाचत नाही.

उदाहरण म्हणून महिला व बाल विकास विभागाचा २८ जून २०२४चा, ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय घेऊ. समजा, बासष्ट वर्षांच्या एका बाईंना तो आला आहे.

आधी तारखा. वर छापलेला दिनांक हा कागद निघाल्याचा असतो, अर्जाच्या मुदतीचा नव्हे. ‘वाचा’ या शीर्षकाखालच्या तारखा जुन्या संदर्भांच्या असतात. मुदत आत, बहुधा अर्जाच्या वेळापत्रकात दडलेली असते. इथे ती १ ते १५ जुलै अशी होती.

मग पात्रता. ‘पात्रता’ वाचून थांबू नये. खालची ‘अपात्रता’ही वाचावी, कारण वरच्या यादीत बसणारी व्यक्ती खालच्या यादीत बाद होऊ शकते. या निर्णयात वयाची अट २१ ते ६० होती. बाई तिथेच बाद.

पण ३ जुलैला सुधारित निर्णय निघाला. वयाची मर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली, पाच एकर जमिनीची अट वगळली गेली आणि पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. पाच दिवसांपूर्वी घरी बसवलेल्या बाई आता अर्ज करू शकत होत्या. जुना कागद मात्र मोबाइलवर फिरतच राहतो, आणि तो खोटा नसतो, फक्त शिळा असतो. म्हणून त्याच विषयाचा नंतरचा निर्णय किंवा शुद्धिपत्रक संकेतस्थळावर शोधावे. कागदाच्या शेवटी दिलेल्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. ते वरच्या दिनांकाशी जुळवून पाहता येतात.

शेवटी कृती. शासकीय मराठीत ‘करण्यात यावी’ या क्रियापदाला कर्ता नसतो. ‘अर्जांची छाननी करण्यात यावी’ हे वाचून लोक धास्तावतात. पण छाननी अधिकाऱ्याने करायची असते. मी अशा प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असे विचारतो. उत्तर ‘अर्जदाराने’ असेल तेवढीच वाक्ये वेगळी लिहितो. पानोपानी पसरलेल्या मजकुरातून मग चार-पाच ओळी उरतात: अर्ज, आधार, शिधापत्रिका, बँक खाते, हमीपत्र.

उत्तर पाठवताना मी त्या ओळींवर ‘अमुक तारखेच्या निर्णयानुसार’ असे लिहितो. तारीख नसलेले उत्तर पुढच्या सुधारणेनंतर कुणाची तरी दिशाभूल करते.