पिवळ्या थरातले चार कोपरे

रुबिक क्यूबचे दोन थर जुळले, की खरी पंचाईत तिसऱ्यात होते. पांढरा रंग खाली आणि पिवळा वर धरलेला असतो. वरचे तुकडे हलवायचे, पण खालचे जमलेले बिघडू द्यायचे नाहीत. नवशिक्यांच्या पद्धतीत हे काम चार टप्प्यांत होते. आधी वर पिवळी फुली करायची, मग तिच्या चारही कडा बाजूच्या रंगांशी जुळवायच्या. त्यानंतर कोपरे आपापल्या जागी न्यायचे आणि शेवटी त्यांची पिवळी बाजू वर वळवायची. बहुतेकांचा क्यूब विस्कटतो तो या शेवटच्या टप्प्यात.

त्याआधी कोपरे जागेवर आहेत ना, ते पाहावे. कोपऱ्याचे तीन रंग आणि त्याला लागून असलेल्या तीन बाजूंचे मधले रंग तेच असले, की जागा बरोबर. तुकडा वाकडा बसलेला असला तरी चालतो.

आता वाकडा कोपरा पुढच्या बाजूच्या उजव्या वरच्या टोकाला आणा आणि ही चाल करा:

```
R' D' R D
```

R म्हणजे उजवी बाजू, D म्हणजे खालची. त्या बाजूकडे समोरून पाहत घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्यायचा; चिन्ह असेल तर उलट.

समजा, दोन कोपरे वाकडे आहेत. पहिल्याचा पिवळा उजवीकडे आहे, तर ही चाल २ वेळा करा. पिवळा वर येईल, पण खालचे थर विस्कटलेले दिसतील. घाबरू नका. क्यूब तसाच धरून फक्त वरचा थर फिरवा आणि दुसरा वाकडा कोपरा त्याच टोकाला आणा. याचा पिवळा पुढे असेल. इथे चाल ४ वेळा लागते. एकूण ६ झाल्या, की खालचे थर आपोआप जुळतात, कारण ही चाल ६ वेळा केली की खालचे सगळे तुकडे मूळ जागी परततात. मग वरचा थर फिरवून रंग जुळवले, की क्यूब सुटला.

चुका दोनच ठिकाणी होतात. एक, पुढचा कोपरा आणताना अख्खा क्यूब फिरवला जातो. दुसरी, तिसऱ्या वळणालाच पिवळा वर आलेला दिसतो आणि शेवटचे D राहून जाते.

सगळे नीट करूनही एकच कोपरा वाकडा उरला, तर दोष तुमचा नाही. फक्त एकच कोपरा वाकडा असलेली स्थिती कोणत्याही चालीने येत नाही. तो तुकडा पडून किंवा हाताने पिळला गेलेला असतो. तो बोटांनी सरळ करा आणि पुढे खेळा.