चाळिशीची सातशे वर्षे

जवळचे वाचायच्या चष्म्याला आपण मराठीत ‘चाळिशी’ म्हणतो. या शब्दात भिंगाचा पत्ता नाही, काचेचा नाही, डोळ्याचाही नाही. आहे ते फक्त वय. माणूस चाळिशीला आला की अक्षर फिसकटू लागते, म्हणून त्या वयाला लागणारी वस्तूही चाळिशी! गंमत अशी, की पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातले चष्मेवालेही हाच हिशेब करीत. गिऱ्हाईकाचा नंबर नव्हे, वय विचारून ते चष्मा देत.

चष्मा जन्मला तोही त्याच मुलखात. १३०६ सालच्या फेब्रुवारीत जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समधल्या प्रवचनात सांगितले, की ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. म्हणजे शोध १२८६ च्या सुमाराचा. शोध लावणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. पिसा शहरातल्या एका मठाच्या बखरीत एवढेच आहे, की कोणा एकाने चष्मा केला, पण कृती सांगेना. तेव्हा मठातल्या आलेस्सांद्रो देल्ला स्पीना या साधूने ती वस्तू पाहून स्वतः करून पाहिली आणि आनंदाने सर्वांना शिकवली. स्पीना १३१३ साली वारला. व्हेनिसमध्ये तर १३०० सालीच स्फटिक घडवणाऱ्या कारागिरांच्या संघाला नियम करावा लागला, की साधी काच स्फटिक म्हणून कोणी विकू नये. धंद्यात भेसळ आली, याचा अर्थ धंदा जमला होता.

हे पहिले चष्मे म्हणजे मधे फुगीर, कडेला पातळ अशी दोन भिंगे. प्रत्येकाला छोटी दांडी आणि दोन्ही दांड्या एका खिळ्याने जोडलेल्या. कानावरच्या काड्या पुढे चारशे वर्षांनी आल्या. तोवर चष्मा नाकावर चिमटून बसवायचा, नाहीतर हातात धरायचा.

फुगीर भिंगच आधी का आले? डोळ्याच्या आत एक नैसर्गिक भिंग असते. जवळचे पाहताना ते जास्त फुगते. वय वाढते तसे ते ताठर होते, फुगेनासे होते. लहान मुलाला नाकासमोर सात-आठ सेंटिमीटरवर धरलेले अक्षरही दिसते. साठीच्या माणसाला तेच अक्षर जवळजवळ मीटरभर लांब न्यावे लागते, आणि तेवढा हात कोणाचाच लांब नसतो. डोळ्याला जेवढे फुगता येत नाही, तेवढा फुगवटा बाहेरून काचेने द्यायचा, एवढेच चाळिशीचे काम. हा दोष सगळ्यांनाच होतो आणि वयाबरोबर साधारण सारख्या गतीने वाढतो. म्हणून वयावरून चष्मा देणे बरेचसे जमून जाई.

लांबचे न दिसणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोळ्यात प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते. त्यांना फुगीर भिंग दिले तर दिसते तेही बिघडते. त्यांना हवे मधे खोल, कडेला जाड असे भिंग. घडवायला ते फार निराळे नाही. फुगीर भिंग खोलगट साच्यात घासायचे, तर खोल भिंग फुगीर साच्यावर, एवढाच फरक. पण चष्म्याचे पहिले गिऱ्हाईक होते पोथ्या वाचणारे, लिहिणारे, हिशेब ठेवणारे. ज्याला फक्त लांबचे दिसत नाही त्याचे वाचन अडत नाही. त्यामुळे या भिंगाची मागणी उशिरा झाली.

ती झाल्याचा पक्का पुरावा म्हणजे मिलानच्या ड्यूकचे पत्र. २१ ऑक्टोबर १४६२ रोजी फ्रांचेस्को स्फोर्झाने फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाकडे तीन डझन चष्मे मागवले. एक डझन लांबचे पाहायला, म्हणजे तरुणांसाठी, एक डझन जवळचे पाहायला, म्हणजे वृद्धांसाठी आणि एक डझन सर्वसाधारण नजरेचे. आपल्याला स्वतःला गरज नाही, मागणारे दरबारी फार, असेही त्याने लिहिले. चार वर्षांनी त्याच्या मुलाने दोनशे चष्मे मागवले. जवळच्या नजरेचे चष्मे तीस ते सत्तर वयापर्यंत पाच-पाच वर्षांच्या टप्प्याने होते. लांबच्या नजरेच्या चष्म्यांचे मात्र दोनच प्रकार. कारण ती नजर वयावरून ओळखता येत नाही. पंधरा वर्षांच्या दोन मुलांचे नंबर अगदी वेगळे असू शकतात.

आपल्याकडे चष्मा कधी आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला होता. विजयनगरचे मध्वमतीय संन्यासी व्यासराय पोथी वाचताना चष्मा लावीत, असा १५२० च्या सुमाराचा उल्लेख त्यांनी एका संस्कृत चरित्रातून पुढे आणला. म्हणजे इथेही पहिला चष्मा पोथी वाचणाऱ्याच्याच डोळ्यांवर!

भिंगाने दिसते का, हे मात्र तोवर कोणाला नीट ठाऊक नव्हते. प्रतिमा डोळ्यामागच्या पडद्यावर पडते आणि भिंग तिला पुढे-मागे सरकवते, हे केप्लरने १६०४ साली मांडले. कारागीर त्याआधी तीनशे वर्षे नुसत्या अनुभवावर चष्मे घासत होते.

तिसरा दोष सर्वांत चिवट निघाला. केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी याला डाव्या डोळ्याने कोणत्याच चष्म्यातून स्वच्छ दिसेना. त्याने कार्डाला टाचणीने भोक पाडले, त्यातून येणारा प्रकाशाचा ठिपका त्या डोळ्याजवळ आणला आणि मागे-पुढे करून पाहिले. सुमारे सहा इंचांवर ठिपक्याची एक रेघ झाली. साडेतीन इंचांवर पुन्हा रेघ झाली, पण पहिलीला काटकोनात. म्हणजे त्याच्या डोळ्याचा बाक एका दिशेला कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त होता. मग त्याने एका बाजूने वाटीसारखे आणि दुसऱ्या बाजूने पन्हाळीसारखे खोल, असे भिंग इप्सविचच्या एका कारागिराकडून घडवून घेतले. हे १८२५ साल. यालाच आपण आज तिरका नंबर म्हणतो.

आमच्या पिंपळीतली वडीलधारी मंडळी अजूनही बारामतीच्या बाजारातून तयार चाळिशी आणतात. पेपर समोर धरायचा, एकामागून एक चष्मा लावायचा, दिसला की पैसे मोजायचे. स्फोर्झाच्या दरबाऱ्यांनी यापेक्षा वेगळे काही केले नसावे. दोन्ही डोळे सारखे आणि तिरका नंबर नसेल तर यात बिघडत नाही. पण त्या चष्म्याची दोन्ही भिंगे एकाच नंबरची असतात. म्हणून चाळिशी लावून एकेक डोळा झाकून वाचून पाहावे. एका डोळ्याने स्वच्छ आणि दुसऱ्याने पुसट दिसले, तर तो चष्मा आपला नाही.

घरातला कोणता चष्मा कशाचा, हेही पाहता येते. तो डोळ्यापासून वीतभर धरून त्यातून खिडकीचा गज पाहा. चष्मा उजवीकडे नेल्यावर गज डावीकडे पळाला, तर भिंग फुगीर. चष्म्याबरोबरच सरकला, तर खोल. आता चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा. भिंगातला गज बाहेरच्या गजापासून तुटून तिरका झाला, तर त्यात एअरीची पन्हाळ आहे. असा चष्मा वय सांगून मिळत नाही. त्यासाठी पन्हाळीची दिशा डोळ्यागणिक मोजावीच लागते.