कायनेटिक होंडाच्या ऑइलचा हिशेब

1984 मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांची पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकट संपवली. तिच्यात ऑइलची वेगळी टाकी असते आणि पंप थ्रॉटलप्रमाणे कमीजास्त ऑइल इंजिनात सोडतो.

ऑइल 2T चंच हवं. चारचाकीचं किंवा 4T ऑइल नीट जळत नाही. प्लगवर, सायलेन्सरमध्ये काजळी धरते. डब्यावर ‘JASO FC’ किंवा ‘FD’ पाहून घ्या. त्यात धूर कमी.

किती दिवसांनी भरायचं, ते ऑइलच्या दिव्यावर सोडू नका. जुन्या गाडीचा दिवा बंद पडलेला असू शकतो. टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. समजा, निलंगा-लातूर खेपा करून 500 किलोमीटर झाले, पेट्रोल साडेबारा लिटर लागलं आणि टाकी पुन्हा काठोकाठ करायला 250 मिलि ऑइल लागलं. म्हणजे लिटरला 20 मिलि, हिशेब ठीक. लागलं फक्त 60, तर पंप किंवा नळीत दोष आहे. ऑइल मिळालं नाही तर पिस्टन जाम होतो, म्हणून पंप दुरुस्त होईपर्यंत लिटरमागे 20 मिलि 2T पेट्रोलमध्येच मिसळा. उलट फारच जास्त लागलं, तर गळती शोधा.

टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. तेव्हा नुसतं ऑइल भरून गाडी पळवू नका. आधी मेकॅनिककडून पंपातली हवा काढून घ्या.